जुन्या गिऱ्हाईकाला सेलचा मेल पाठवताय? एकच ऑफर, एकच बटण

नमस्कार मंडळी. आषाढ लागला की कापडाच्या दुकानात काय होतं ते दुकानवाल्यांना वेगळं सांगायला नको. लग्नं संपलेली असतात, पाऊस धो धो पडत असतो, बाहेर कुणी फिरकत नाही आणि कपाटात उन्हाळ्यातला माल तसाच पडून असतो. मग सेल लावायचं ठरतं आणि घरातलं कुणीतरी सुचवतं की बिलं करताना आपण लोकांचे ईमेल घेतलेत ना, त्यांना मेल टाकूया. ही कल्पना चांगलीच आहे, फक्त तो मेल कसा लिहायचा यावर सगळं अवलंबून असतं, आणि आज मला तेवढ्याच एका मेलबद्दल बोलायचंय.

एक उदाहरण घेऊन बोलतो. समजा तुमचं नाशिकला सुती साड्यांचं छोटं दुकान आहे. इरकल साडी तुम्ही १८०० ला विकता, तुम्हाला ती ११०० ला पडते, आणि पॅकिंग-कुरिअर धरून अजून ९० रुपये जातात. म्हणजे एका साडीमागे हातात ६१० राहतात. आता तुम्ही ३०० रुपये कमी केले, साडी १५०० ला दिली, तर हातात ३१० राहतात, म्हणजे जवळजवळ निम्मे. तेव्हा तेवढाच नफा हवा असेल तर विक्री दुप्पट व्हायला लागते. हे गणित मेल लिहायच्या आधी कागदावर मांडा, कारण सेलमध्ये काय ठेवायचं ते यावरूनच ठरतं. ज्या साड्या श्रावणात पूर्ण भावाने हमखास जातात त्या सेलला लावल्या तर तुम्ही स्वतःचेच ३०० रुपये वाटताय. दोन महिने न हललेले रंग, एकेकच उरलेले नग, ते लावायचे. आपण धरू की अशा २४ साड्या आहेत.

आता ऑफर. इथे आपल्याकडे मोह फार होतो, इरकलवर ३०० कमी, शिवाय दोन घेतल्या तर ब्लाउजपीस फुकट, शिवाय ड्रेस मटेरियलवर १० टक्के, शिवाय ५००० च्या वर कुरिअर फ्री, आणि हे सगळं एकाच मेलमध्ये. वाचणारी बाई बसमध्ये उभी राहून फोन बघतेय, तिला यातलं आपल्यासाठी कुठलं हे शोधत बसावं लागलं की ती मेल नंतर बघू म्हणून बंद करते आणि तो नंतर काही येत नाही. म्हणून ऑफर एकच: इरकल साडी, १८०० ऐवजी १५००. टक्के सांगू नका असं माझं मत आहे, कारण या किमतीत ३०० रुपये हा आकडा लगेच कळतो आणि टक्क्यांचा हिशोब करत बसावा लागतो. आणि ते १८०० खरे असले पाहिजेत बरं का. सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत २२०० करून मग खाली आणायची, हे जुनं गिऱ्हाईक लगेच पकडतं, कारण तिच्याकडे मागच्या वर्षीचं तुमचंच बिल असतं.

मेल कुणाला पाठवायचा, हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो आणि याच्यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. यादीत ६४० पत्ते असले म्हणून ६४० लोकांना पाठवायचा नसतो. गेल्या दीड-दोन वर्षांत ज्यांनी सुती साडी घेतलीये त्यांना आधी वेगळं काढा. पाच वर्षांपूर्वी एकदा टॉवेल घेऊन गेलेल्या माणसाला तुमचं दुकान आठवतही नसतं, तो मेल सरळ स्पॅममध्ये टाकतो, आणि असं बऱ्याच लोकांनी केलं की जीमेल तुमचे मेल बाकीच्यांनाही स्पॅममध्ये टाकायला लागतं. आणि यातून अजून काही नावं वगळायची, ज्यांनी गेल्या महिन्याभरात तीच साडी पूर्ण १८०० देऊन घेतली त्यांची. परवा १८०० मोजलेत आणि आज मेल येतो १५०० चा, त्या बाईला काय वाटेल विचार करा. ती परत येणारी बाई होती. समजा हे सगळं करून ३१० नावं उरली. पुरेत.

आता मेल वाचून दाखवतो. सब्जेक्ट असा: "इरकल साडी १८०० ऐवजी १५००, रविवारपर्यंत". बस. वस्तू, भाव, मुदत. फोनवर सब्जेक्टचे सुरुवातीचे पाच-सहा शब्दच दिसतात, तेव्हा "आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांसाठी आनंदाची बातमी" असं लिहिलंत तर आनंद कशाचा ते दिसायच्या आत ओळ संपते. सब्जेक्टच्या खाली इनबॉक्समध्ये अजून एक फिकट ओळ दिसते, ती तुम्ही दिली नाहीत तर मेलमधलं जे पहिलं वाक्य असेल ते तिथे येतं. तिथे लिहा: "उरलेल्या २४ साड्या, प्रत्येक रंगाची एकच".

आत मजकूर असा:

"नमस्कार. तुम्ही आमच्याकडून याआधी सुती साडी घेतली होती, म्हणून हा मेल. उन्हाळ्यातल्या २४ इरकल साड्या उरल्यात, त्या १८०० ऐवजी १५०० ला देतोय. कापड तेच, तुम्ही नेलं होतं तसंच. रविवार, २ ऑगस्ट, रात्री ९ पर्यंत. त्यानंतर भाव परत १८००. आत्ता घेतलीत तर श्रावण लागायच्या आत घरी पोचेल, फॉल-पिकोला पण वेळ मिळेल. खालचं बटण दाबा, व्हॉट्सअपवर उरलेल्या साड्यांचे फोटो पाठवतो."

आणि खाली एक मोठं बटण: "साड्यांचे फोटो मागवा". त्याच्याखाली तुमचं नाव, दुकानाचा पत्ता, आणि "असे मेल नको असतील तर इथे दाबा" ही लिंक. ही लिंक लपवू नका, ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो आणि ते तुम्हाला जास्त महागात पडतं.

यात दुकानाचा इतिहास नाही, धागा कसा, रंग पक्का की कच्चा ते नाही. नव्या माणसाला ते सांगावं लागतं. हिने तुमची साडी नेसलीये, धुतलीये, तिला माहितीये. तिला फक्त काय, कितीला, कधीपर्यंत आणि आता काय करू एवढंच हवंय.

बटण एकच का, तर फेसबुकची लिंक, इन्स्टाची लिंक, वेबसाइट, दुकानाचा नकाशा, फोन नंबर असं सगळं दिलं की माणूस फेसबुकवर जातो आणि तिथे दुसऱ्याच कुणाचे फोटो बघत बसतो. छोट्या दुकानाला वेबसाइट नसली तरी चालतं. wa.me/91 आणि त्याला जोडून तुमचा दहा आकडी नंबर, अशी लिंक त्या बटणामागे लावली की दाबल्याबरोबर व्हॉट्सअपवर तुमचं चॅट उघडतं, त्यात "इरकल साड्यांचे फोटो पाठवा" असा मेसेजही आधीच टाईप करून ठेवता येतो, समोरच्याने फक्त पाठवायचं. कूपन कोड वगैरे काही लावू नका, कोड लक्षात ठेवायचा, नीट टाकायचा, मोठी लिपी छोटी लिपी, यातच माणसं गळतात.

आता नेमकं कुठे बिघडतं ते सांगतो. आपल्याकडे पोस्टर करायची सवय आहे, सगळा मजकूर एका चित्रात बसवायचा आणि ते चित्र मेलला लावायचं. काही जणांच्या मेलमध्ये चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यांना पांढरा चौकोन दिसतो आणि बटण तर नसतंच. म्हणून भाव आणि मुदत साध्या अक्षरात लिहा, साडीचा एक फोटो पुरे. दुसरं, छपाईवाल्याकडून आणलेला मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये असतो, तो युनिकोड नसतो, मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला नुसती भलतीच चिन्हं दिसतात. आधी स्वतःला पाठवा, मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा, बटण दाबून बघा. तिसरं म्हणजे साध्या जीमेलमधून सगळे पत्ते एकाखाली एक टाकून पाठवणं. सीसीमध्ये टाकलेत तर ३१० बायकांचे पत्ते एकमेकींना दिसतात, हे अगदी चूक आहे. आणि साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादाही असते, त्यामुळे मेल पाठवायची जी सेवा मिळते तीच घ्या, ती नको म्हणणाऱ्यांची नावंही आपोआप काढते.

मुदतीबद्दल मात्र मला जरा जोर देऊन बोलायचंय. रविवार म्हटलं की रविवार. आपल्याकडे "लोकाग्रहास्तव मुदत वाढवली" ही पाटी इतकी सवयीची झालीये की पहिल्या तारखेवर कुणाचा विश्वासच राहिला नाही, गिऱ्हाईक थांबतं, वाढवतीलच म्हणतं. शिवाय खोटी घाई दाखवणं, म्हणजे माल भरपूर असताना शेवटचे दोनच उरलेत असं लिहिणं, हे केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाईकाला भुलवायच्या युक्त्या, याबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गैरप्रथा म्हणून नावासकट दिलंय. २४ आहेत तर २४ च लिहा, त्याचाच परिणाम चांगला होतो.

मेल बुधवारी गेला, तर रविवारी सकाळी एक छोटी आठवण, आणि तीही ज्यांनी अजून मेसेज केला नाही त्यांनाच. किती उरल्यात तो आकडा बदलून लिहा. ज्यांनी साडी घेतली त्यांना आठवण गेली तर ते चिडतात, आणि बरोबरच आहे.

मग निकाल कसा बघायचा? किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर जाऊ नका, २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की माणसाने बघितला नसला तरी उघडल्यासारखा मोजला जातो. तुम्ही व्हॉट्सअपवर किती मेसेज आले, किती साड्या गेल्या आणि किती जणांनी नको म्हटलं एवढं वहीत लिहा. समजा २२ मेसेज आले आणि १२ साड्या गेल्या, तर साडीमागचे ३१० रुपये गुणिले १२ म्हणजे ३७२० रुपये हातात, आणि तेही अशा मालावर जो पडूनच होता. मेसेज २२ आणि साड्या दोनच, असं झालं तर मेल ठीक होता, गडबड फोटोत किंवा उत्तर द्यायला लागलेल्या वेळात आहे. मेसेजच आले नाहीत तर सब्जेक्ट किंवा यादी बघा.

आणि सोमवारी सकाळी कुणाचा तरी मेसेज येणारच, काल जमलं नाही हो, अजून १५०० ला मिळेल का. तेव्हा गोड बोलून सांगायचं, ताई, ऑफर काल रात्री संपली, आता १८०० ची आहे, पाठवू का फोटो? तिला १५०० ला दिलीत तर रविवारी वेळेत घेतलेल्या बाकीच्यांना ते कळायला वेळ लागत नाही.