लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो?

(दृश्य: जिन्याखालची मीटरपेटी. अंधारात एक लाल ठिपका लुकलुकतोय.)

जळगाव. मे महिना, रात्रीचे साडेदहा. तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली आम्ही मोबाइलमधलं घड्याळ लावून उभे आहोत. वर दुसऱ्या मजल्यावरच्या घरात काकूंनी आमच्यासाठी फ्रिज, पंखे, दिवे सगळं थोडा वेळ बंद ठेवलंय. सुरू आहे तो फक्त एक एसी, जुना. इन्व्हर्टर एसीनं वीज खरंच किती आणि कशी वाचते, ते आम्हाला मोजायचंय.

मीटरवर या दिव्याशेजारी बारीक अक्षरांत छापलंय: 3200 imp/kWh. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तो आधी वाचून घ्या.

एक मिनिट मोजलं. 85. तासाला 5,100 झाले, म्हणजे साधारण 1,600 वॅट.

(दृश्य: दिवा अचानक मंदावतो. स्तब्ध फ्रेम, पंधरा सेकंद.)

आणि हे बघा. वर कॉम्प्रेसर बंद पडला. आता मिनिटाला दोनदा, फार तर तीनदा. आतला पंखा तेवढा फिरतोय. दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होईल आणि दिवा पुन्हा 85 वर जाईल. मधला आकडा या एसीकडे नाहीच.

काकूंच्या घरात दीड टनाचे दोन एसी आहेत. सासूबाईंच्या खोलीतला जुना, फिक्स्ड स्पीडचा. शेजारच्या खोलीतला गेल्या वर्षी घेतलेला, इन्व्हर्टरचा. दोन्ही खोल्या जवळपास सारख्या आकाराच्या, भिंत एकाच दिशेची, वर आणखी एक मजला. अशी जोडी एकाच घरात सापडणं अवघड, म्हणून आम्ही इथे आलो.

(दृश्य: बाल्कनी. आउटडोअर युनिटचं झाकण उघडतंय.)

मेकॅनिक भाऊ आधी जुनं युनिट उघडतात. काळा, डब्यासारखा दिसतो तो कॉम्प्रेसर. बाजूला चकचकीत नळकांडं, ते कपॅसिटर. एवढंच. आत साधी इंडक्शन मोटर आहे. आपल्या घरची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही मोटर मिनिटाला 2,900 च्या आसपास फेरे घेते. कमी नाही, जास्त नाही. खोली तापलेली असो की गार झालेली, चालली तर पूर्ण वेगानं, नाहीतर बंद. खोली किती गार ठेवायची हे ती फक्त किती वेळ चालायचं यावरून ठरवते.

आता दुसरं झाकण.

(दृश्य: हिरवं सर्किट बोर्ड, त्यामागे ॲल्युमिनियमच्या पंख्या. कॅमेरा सावकाश जवळ जातो.)

इथे मात्र बघण्यासारखं बरंच आहे. भिंतीतून आलेली वीज आधी या बोर्डवर येते. तिची दिशा उलटसुलट होत असते, ती इथे एकदिश केली जाते. हे जाड कपॅसिटर ती साठवून स्थिर करतात. मग ही काळी चौकट, जिला भाऊ ‘आयपीएम’ म्हणतात. तिच्या आतले सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या एकदिश विजेपासून नवी तीन फेजची वीज तयार करतात, आणि तिची हर्ट्झ आपल्याला हवी तेवढी ठेवता येते. कॉम्प्रेसरमधल्या मोटरला कायमचे चुंबक बसवलेले असतात. हर्ट्झ वाढली की ती जोरात फिरते, उतरली की हळू.

इन्व्हर्टर म्हणतात तो हा भाग. घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. भाऊ हसत सांगतात, “अजून विचारतात लोक, लाइट गेल्यावर हा चालेल ना म्हणून.”

दुकानात साधारण असं सांगतात: जुना एसी सारखा चालू-बंद होतो, प्रत्येक वेळी सुरू होताना जास्त वीज खेचतो, इन्व्हर्टर तसं करत नाही, म्हणून बिल कमी. सुरू होतानाचा झटका खरा आहे, करंट काही पट उसळतो. पण तो क्षणभराचा, बिलात त्याचा वाटा अगदी थोडा. त्याहून थोडं जास्त जातं ते नंतरच्या काही मिनिटांत, कारण बंद पडल्यावर गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा होतो आणि तो पुन्हा उभा करेपर्यंत खोलीला पुरता गारवा मिळत नाही.

पण मोठी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ती आम्हाला चित्रात धरता आली.

(दृश्य: आउटडोअर युनिटच्या कॉइलला चिकटवलेली तापमापकाची तार. आकडा: 46.)

रात्रीचे साडेअकरा. बाहेरची हवा 31 अंश. जुन्या एसीच्या बाहेरच्या कॉइलवर 46, आतल्या कॉइलवर 9. म्हणजे हा कॉम्प्रेसर खोलीतली उष्णता 9 अंशांच्या खोलातून उपसून 46 च्या उंचीवर नेऊन ओततोय. 37 अंशांची चढण.

(दृश्य: दुसरं युनिट. आकडा: 36.)

इन्व्हर्टर एव्हाना हळू झालाय. बाहेर 36, आत 15. चढण 21 अंशांची.

असं का होतं? कॉइल तेवढीच मोठी आहे, पण हळू चाललेला कॉम्प्रेसर तिच्यातून गॅस कमी पाठवतो. थोडी उष्णता एवढ्या मोठ्या कॉइलमधून सहज बाहेर पडते, त्यासाठी कॉइलला फार तापावं लागत नाही. आतली कॉइलही तशीच फार गार व्हावी लागत नाही. विहिरीचं पाणी वर आलं की रहाट ओढायला हलका जातो, तसं. बादली तेवढीच, दोर कमी. त्यामुळे प्रत्येक युनिट विजेमागे गारवा जास्त मिळतो. पूर्ण वेगानं पळताना मात्र हा फायदा उरत नाही, उलट त्या बोर्डमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते.

(कोकणातल्या किंवा मुंबईतल्या प्रेक्षकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. आतली कॉइल 15 अंशांवर राहिली तर हवेतला ओलावा कमी निघतो. पावसाळ्यात खोली गार वाटेल, पण चिकट. तिथे ‘ड्राय’चं बटण उपयोगी पडतं. जळगावच्या मेमध्ये हा प्रश्नच येत नाही.)

(दृश्य: पुन्हा मीटरपेटी. रात्रीचा एक.)

पुन्हा घरातलं सगळं बंद, फक्त इन्व्हर्टर एसी सुरू. एक मिनिट. 24. म्हणजे 450 वॅट. दिवा न थांबता, एका लयीत लुकलुकतोय.

भाऊंनी दोन्ही एसींच्या वायरीत छोटे सब-मीटर बसवले होते. एका वेगळ्या रात्री, दहा ते सकाळी सहा, दोन्हीकडे 25 अंश. जुन्या एसीनं पहिला तास सलग चालून मग उरलेल्या वेळात निम्म्याहून थोडा जास्त वेळ कॉम्प्रेसर चालवला. सकाळी आकडा 7.9 युनिट. इन्व्हर्टरनं पहिला तास जवळजवळ तेवढीच वीज घेतली. पुढचे सात तास तो कधी 450, कधी 600 वॅटवर रेंगाळला. सकाळी आकडा 5.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर पसरलेली वीजबिलं. काकूंचा चष्मा.)

महिन्याला 237 युनिट आणि 150 युनिट. फरक 87 युनिटांचा. पण रुपयांत हा फरक किती, हे या घराच्या बाकीच्या वापरावर ठरतं. एसीशिवाय इथे महिन्याला 140 युनिट लागतात. महावितरणच्या 2024-25 च्या घरगुती दरांत वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटांना 5.88 रुपये, 101 ते 300 पर्यंत 11.46 आणि 301 ते 500 पर्यंत 15.72. एसीची युनिटं नेहमी दरांच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसतात, कारण खालचे स्वस्त मजले फ्रिज-पंख्यांनी आधीच भरलेले असतात.

जुना एसी रोज लावला तर एकूण वापर 377. एसीच्या 237 युनिटांपैकी 160 युनिटं 11.46 नं, उरलेली 77 युनिटं 15.72 नं. वर 16 टक्के वीज शुल्क. 3,531 रुपये. इन्व्हर्टर लावला तर एकूण 290, सगळा एसी 300 च्या आतच. 1,994 रुपये. इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही, तो दर महिन्याला बदलतो. फरक 1,537 रुपयांचा. युनिटं 37 टक्के वाचली, पैसे 44 टक्के, कारण महागडी 77 युनिटं पुसली गेली.

काकू बिल घडी घालून ठेवतात.

(दृश्य: रिमोट, बोट ‘बंद’वर.)

जुन्या सवयीनं काही जण रात्री तासाभरानं एसी बंद करतात, उकडलं की पुन्हा लावतात. इन्व्हर्टरला प्रत्येक वेळी पुन्हा पहिला, पूर्ण वेगाचा तास करावा लागतो आणि वाचवलेलं बरंचसं तिथेच जातं. रिमोटवर 18 लावलं तरी तेच: खोली 18 ला पोचतच नाही, म्हणून कॉम्प्रेसर उतरतच नाही. आणि जो रोज झोपताना फक्त तासभर एसी लावतो, त्याला दोन्ही एसींत फारसा फरक पडणार नाही.

जुन्या एसीचा कपॅसिटर गेला तर काही शे रुपयांत काम होतं. इन्व्हर्टरचा बोर्ड गेला, पाल शिरली किंवा व्होल्टेज उसळलं, की खर्च हजारांत जातो आणि एका उन्हाळ्याची बचत त्यात संपू शकते.

(दृश्य: दुपारचे तीन. गच्ची. फरशीवर उन्हाची लकाकी.)

शेवटचं मोजमाप. त्याच इमारतीचा तिसरा मजला, डोक्यावर थेट गच्ची. इथेही दीड टनाचा इन्व्हर्टरच. बाहेर 43 अंश. खाली या घराच्या मीटरवर बाकी सगळं बंद करून मोजलं: 93. तासाभरानं पुन्हा: 91. खोलीत 28 अंश, रिमोटवर 24. स्लॅबमधून उतरणारी उष्णता उपसता उपसता कॉम्प्रेसरला हळू व्हायला उसंतच मिळत नाही. अशा दुपारी इन्व्हर्टर आणि फिक्स्ड स्पीड यांच्यात मीटरला फारसा फरक दिसत नाही.

भाऊंनी छताला हात लावून बघितला आणि लगेच काढून घेतला. “आधी गच्चीला पांढरा रंग द्या,” ते घरमालकांना म्हणाले, “मग पुन्हा मोजू.”

(दृश्य: रात्रीचे नऊ. तोच लाल दिवा. मिनिटाला 60.)