हवा तेवढाच घेर: फ्लेअर स्कर्टचं पेपर कटिंग

नमस्कार मंडळी! फुल अंब्रेला कापायचा तर कंबर भागिले ६.२८, हाफ अंब्रेला असेल तर भागिले ३.१४, हे सूत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. अडचण अशी, की त्यात घेर सूत्र ठरवतं, आपण नाही. २८ कंबर आणि २६ इंच उंची घेतली, तर हाफ अंब्रेलाचा खालचा घेर जवळजवळ ११० इंच येतो. मला तेवढा नकोय. रोज वापरायच्या स्कर्टला मला ८० इंच पुरतो. मग गोल किती त्रिज्येचा काढायचा?

त्यासाठी आधी कागद कापून बघू या. कंबरेचा चौथा भाग ७ इंच, उंची २६. म्हणजे ७ बाय २६ चा साधा आयत. खाली घेर हवाय ८० चा चौथा भाग, २० इंच. आयतात आहेत ७, म्हणजे १३ इंच वाढवायचेत.

आयताच्या चार सारख्या उभ्या पट्ट्या आखा. आता मधल्या तीन रेघांवर खालून वर कात्री चालवा, पण कंबरेच्या रेघेपाशी दोराएवढा कागद जोडलेला ठेवा. तोच बिजागरीचं काम करतो. प्रत्येक फट खाली सव्वातीन इंच उघडा. तीन फटींचे झाले पावणेदहा. उरलेल्या सव्वातीनपैकी अर्धे पुढच्या घडीच्या बाजूला वाढवा आणि अर्धे साइडला. ही वाटणी टाळू नका. सगळी वाढ साइडलाच दिली तर स्कर्ट पुढून सपाट पडतो आणि दोन्ही बाजूंना पंखासारखा उभा राहतो. कुठून चुकलं, ते अंगावर चढवल्यावर लगेच दिसतं.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून) आता कंबरेची रेघ बघा. ती सरळ राहिलेली नाही, वाकलीय. खालची कडही वाकलीय. फटी जितक्या जास्त आणि बारीक, तितका हा बाक गुळगुळीत. म्हणजे आपण न कळत गोलाचाच एक तुकडा तयार केलाय! मग त्या गोलाची त्रिज्या थेट काढता येते:

त्रिज्या = कंबर × उंची ÷ (घेर − कंबर)

२८ गुणिले २६, ७२८. घेरातून कंबर वजा केली, ५२ उरले. ७२८ भागिले ५२, बरोबर १४ इंच.

कागदाच्या कोपऱ्यात टेप पिनेने रोवा. १४ इंचावर एक चाप, आणि १४ अधिक २६ म्हणजे ४० इंचावर दुसरा. आतल्या चापावर टेप उभा, कडेवर धरून ७ इंच मोजा, खूण करा. कोपऱ्यापासून त्या खुणेतून जाणारी सरळ रेघ बाहेरच्या चापापर्यंत न्या. खाली मोजलंत तर २० भरतील. पुढचा भाग घडीवर कापायचा. उघडल्यावर खाली कडेपासून कडेपर्यंत सरळ रेषेत साधारण साडेअडतीस इंच होतो, म्हणजे साइडच्या दाबासकट ४४ पन्ह्यात बसतो.

कापड कापण्याआधी हिप तपासा, घेर कमी ठेवलाय म्हणून. कंबरेखाली ८ इंचांवर त्रिज्या २२ होते, तिथे माप २८ गुणिले २२ भागिले १४, म्हणजे ४४. हिप ३८ असेल तर सहा इंच सैल, छान. हिप ४२-४३ असेल तर तिथे ताणल्यासारखं दिसेल. घेर वाढवून त्रिज्या पुन्हा काढा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा, कंबरेचा दाब. अर्धा इंच दाब १४ च्या आत, साडेतेरावर द्यायचा. कापल्यावर साइडचे दाब सोडून वरच्या कडेला टेप लावलात तर २७ च भरतील. ते बरोबर आहे, कारण शिलाई १४ वर येणार आणि तिथे २८ मिळणार. दाब न देता १४ वरच कापलंत, तर शिलाई साडेचौदावर जाते आणि कंबर २९ होते. बाहेरच्या कडेला मात्र दुमडीसाठी अर्धाच इंच वाढवा. वाकलेल्या कडेला रुंद दुमड चुण्या घेते.

चापावरचं कापड काही ठिकाणी उरेबात येतं आणि हाताळताना ताणतं. म्हणून कापल्या कापल्या कंबरेला, १४ च्या रेघेच्या किंचित वर, एक साधी शिलाई मारून ठेवा. मग साइड जोडा, पट्टा लावा आणि स्कर्ट एक दिवस हँगरला लटकवा. उरेबातला भाग खाली उतरतो, सुळसुळीत कापडात जास्तच. दुसऱ्या दिवशी स्कर्ट घालून उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने सारख्या उंचीवर सगळीकडे खुणा करायला सांगा. त्या खुणांवर कड सारखी करा, मगच दुमड घाला.