दीड लाख आले, पण कुठल्या बिलाचे?

(नाशिकमधील लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समजा, अंबडमधलं एक छोटं टर्निंगचं युनिट आहे. सातपूरच्या एका कंपनीकडे त्याची जॉबवर्कची तीन बिलं थकली आहेत. जीएसटी धरून बिल ४१ चे १,१८,०००, बिल ४७ चे ५९,००० आणि बिल ५२ चे ८८,५०० रुपये, एकूण २,६५,५००. एके दुपारी बँकेत १,५०,००० जमा होतात. सोबत चिठ्ठी नाही, मेल नाही.

आपल्याकडे बहुतेक जण पावती लिहितात, ‘दीड लाख मिळाले, बाकी १,१५,५००.’ इथूनच वाद सुरू होतो, कारण कंपनीच्या खात्यात बाकी दिसते १,११,०००. मधले ४,५०० म्हणजे टीडीएस. जीएसटीआधीच्या मजुरीवर, म्हणजे २,२५,००० वर, दोन टक्के. टीडीएस फक्त पैसे देताना कापतात असं नाही. बिल खात्याला घेतलं की तेव्हाच कापतात. म्हणून पैसे न आलेल्या बिलाचाही कापलेला असतो.

तेव्हा आधी फोन करा आणि विचारा, ‘साहेब, हे कुठल्या बिलांपोटी?’ ते म्हणतात, ४१ पूर्ण, उरलेले ४७ मध्ये. मग पावतीत बिलागणिक एक ओळ येते:

बिल ४१: मिळाले १,१६,०००, टीडीएस २,०००, बाकी शून्य.
बिल ४७: मिळाले ३४,०००, टीडीएस १,०००, बाकी २४,०००.
बिल ५२: मिळाले काही नाही, टीडीएस १,५००, बाकी ८७,०००.

बेरीज १,११,०००. दोन्ही वह्या जुळल्या. खाली बँकेचा यूटीआर नंबर आणि जमा तारीख टाका. टीडीएसची रक्कम मात्र आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसेपर्यंत ‘पडताळणी बाकी’ असंच लिहा.

विचारायचं कशासाठी? करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ प्रमाणे देणाऱ्याने बिल सांगून पैसे दिले आणि तुम्ही ते घेतले, तर ते त्याच बिलात धरावे लागतात. तो गप्प राहिला तर कलम ६० प्रमाणे निवड तुमची. त्याने ४७ सोडून ५२ चे पैसे दिले, तर मला लगेच शंका येते की ४७ च्या मालात रिजेक्शन धरलंय. सगळं ‘ऑन अकाउंट’ टाकलं की ही खूण पुसली जाते आणि तक्रार सहा महिन्यांनी कळते.

आणखी एक. ही पावती तुमच्या सहीची आहे. वसुलीची तीन वर्षांची मुदत तिने वाढत नाही. त्यासाठी मुदत संपण्याआधी देणेकऱ्याचीच लेखी, सहीची कबुली लागते. म्हणून पावतीखाली ‘वरील बिलवार बाकी मान्य’ अशी ओळ ठेवा आणि त्यांची सही, शिक्का, तारीख घेऊन प्रत परत मागवा.