‘या ताई’ म्हटल्यावर पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो. साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक उंबऱ्याशी आलं की आतून ठरलेली हाक येते, “या, बसा, काय दाखवू?” यातलं ‘या’ तेवढं ठेवावं. बाकीच्या दोन्ही शब्दांत घोळ आहे.

‘बसा’ ऐकायला अगत्याचं वाटतं, पण गादीवर बसलेल्या बाईपुढे साड्यांचा ढीग पडणार हे तिला ठाऊक असतं. एवढ्या घड्या मोडल्यावर रिकाम्या हाती उठायचा संकोच वाटतो, म्हणून ती दारातूनच “नुसतं बघायचंय” असं सांगून टाकते. ‘काय दाखवू?’ हा प्रश्न किराणा दुकानात चालतो, कारण तिथे यादी तयार असते. साडी घ्यायला आलेल्या बाईचं बऱ्याचदा काहीच ठरलेलं नसतं. उत्तर नसलं की तिला अवघडल्यासारखं होतं.

मग म्हणायचं काय? तिला दोन-तीन पावलं आत येऊ द्या. हातातली घडी खाली ठेवा, तिच्याकडे बघा आणि म्हणा, “या ताई. सुती साड्या या बाजूला, रेशमी त्या बाजूला. बघा निवांत.” यात प्रश्न नाही, म्हणून उत्तराचं ओझंही नाही. आणि म्हटल्यावर खरोखर आपल्या कामाला लागा. ‘निवांत बघा’ म्हणून पाठोपाठ फिरलात, तर ते शब्द वाया गेले. दुकानात चार माणसं असतील तर एकानंच बोलावं. चौघांनी एकदम ‘या, या’ केलं की माणूस बिचकतो.

दुसरं वाक्य कधी? तिचा हात एखाद्या साडीवर थांबला, तिनं काठ उलटून पाहिला किंवा मान वर करून तुम्हाला शोधलं, की. तेव्हाही माहिती आधी द्या. “ही सुती इरकल, पदर रेशमी आहे. उलगडू का?” ती ‘नको’ म्हणाली तर “बरं” म्हणून बाजूला व्हा. ‘हो’ म्हणाली तर ती एकच उलगडा, शेजारच्या पाच नकोत.

‘बजेट किती?’ तर मुळीच विचारू नका. सोबत नणंद, जाऊ असली की आकडा सांगणं नको होतं. “रोज नेसायला की कार्यासाठी?” एवढ्यावरून साधारण अंदाज येतो.

आणखी एक. चाळिशीच्या बाईला ‘मावशी’ म्हणालात तर साडी राहते बाजूला. ‘ताई’ बहुतेकींना चालतं, आणि संशय वाटला तर नुसतं ‘या’ पुरतं.

चार दुकानं फिरून तीच बाई परत आली, तर ‘आलात ना शेवटी!’ हे गमतीतही नको. “या ताई, ती इरकल काढू का?” म्हणा. तिला आवडलेली साडी तुम्ही आठवणीत ठेवलीत, हे तिला कळतं.