एका पिक्सेलचा गुंठा

पडद्यावर दिसतो आहे तो कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका, जिथे नृसिंहवाडीजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहाने टिपलेले हे चित्र आपण जवळ आणत जाऊ, तसतशी हिरवी शिवारे विरघळतात आणि उरतात फक्त लहान-लहान चौकोन. प्रत्येक चौकोन जमिनीवर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे 100 चौरस मीटर. सातबारावर ज्याला एक आर म्हणतात, तेवढेच हे क्षेत्र. 33 फुटी गुंठाही जवळपास एवढाच भरतो. त्यामुळे उसाचे पिक्सेल मोजले की उसाचे गुंठे हाती आले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिशेब इतका सरळ नाही.

50 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद असा, वीस आरांचा एक तुकडा घेऊ. त्याच्या कडा पिक्सेलांच्या रेघांवर नेमक्या बसल्या, तर बरोबर वीस चौकोन मिळतील. मात्र उपग्रहाची जाळी बांध पाहून आखलेली नसते. ती दोन्ही दिशांना अर्ध्या चौकोनाने सरकलेली असेल, तर हे शेत तीस पिक्सेलांना स्पर्श करते आणि त्यांपैकी बाराच पिक्सेल पूर्णपणे शेताच्या आत असतात. उरलेल्या अठरांमध्ये थोडा ऊस आणि थोडे शेजारचे सोयाबीन, रस्ता किंवा ओढा यांचा प्रकाश एकत्र मिसळलेला असतो. केवळ शुद्ध पिक्सेल मोजणाऱ्याला बारा आर मिळतील, स्पर्श झालेले सगळे मोजणाऱ्याला तीस. शेत जितके लहान आणि चिंचोळे, तितका हा कडांचा वाटा वाढतो, आणि वाटण्या होत-होत आपल्याकडची शेते नेमकी तशीच झाली आहेत.

एक-दोन फुटांचा बांध तर या चित्रात उमटतच नाही. आपल्याला सीमा म्हणून दिसते ती दोन पिकांमधील किंवा दोन लागणींमधील तफावत असते. दोन भावांनी एकाच आठवड्यात ऊस लावला, तर त्यांच्या वाटणीची रेघ उपग्रहाला सापडत नाही. अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील देणारे चित्र घेतले, तरी डोक्यावर गेलेल्या उसाची पाने बांध झाकून टाकतात. म्हणून सीमा शोधायच्या असतील, तर तोड झाल्यावरचे किंवा उन्हाळ्यातले चित्र निवडावे लागते.

ऊस ओळखण्यासाठीही एक चित्र पुरत नाही. हिरव्या पानांमुळे जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित होतो आणि तांबडा शोषला जातो. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. सोयाबीनचा निर्देशांक पावसाळ्यात चढतो आणि ऑक्टोबरपर्यंत कोसळतो, हरभऱ्याचा थंडीत चढून उतरतो. ऊस मात्र महिनोन् महिने हिरवा राहतो, तोडीच्या वेळी एकदम खाली येतो आणि खोडवा ठेवला असेल तर पुन्हा चढू लागतो. गाळप हंगामाच्या मध्यातले एकच चित्र पाहणारा तोडलेल्या उसाला पडीक जमीन समजेल. पावसाळ्यात ढगांमुळे ही चढउताराची रेघ मध्येच तुटते, तेव्हा ढगांतून पार जाणाऱ्या सेंटिनेल-1 च्या रडारचा आधार घेतात. तरीही केळी आणि बारमाही हत्तीगवत उसाशी गल्लत करतातच.

या चुका लपवून न ठेवता मोजाव्या लागतात. समजा, 10,000 हेक्टरांच्या एका भागाच्या नकाशाने 3,000 हेक्टर ऊस दाखवला. नकाशावरील उसात चिठ्ठ्या टाकल्यासारखी 100 ठिकाणे निवडली आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर 85 ठिकाणीच ऊस निघाला. उरलेल्या 7,000 हेक्टरांत 200 ठिकाणे पाहिली, तर 10 ठिकाणी नकाशाच्या नजरेतून सुटलेला ऊस सापडला. मग 3,000 चे 85 टक्के म्हणजे 2,550, आणि 7,000 चे 5 टक्के म्हणजे 350. एकूण 2,900 हेक्टर. इतक्या नमुन्यांवरून काढलेल्या या आकड्याला साधारण 300 हेक्टर कमी-अधिक अशी मर्यादा राहते, आणि ती आकड्याशेजारी लिहिलीच पाहिजे. ठिकाणे रस्त्याच्या कडेची, सोयीची निवडली, तर हा सारा हिशेब बाद होतो, कारण आतल्या, पाणथळ किंवा अडचणीच्या रानांची चूक मग मोजलीच जात नाही.

तालुक्याचा ऊस सांगायला ही पद्धत चालते. त्या वीस आरांच्या शेताचे क्षेत्र ठरवायला मात्र मोजणीदारालाच बांधावर उभे राहावे लागते.