एका तारेवरून घर ओळखताना

नमस्कार श्रोतेहो.

आज आपण मीटरच्या बोर्डापाशी उभं राहणार आहोत. तिथे मेन स्विचमधून घरात जाणारी फेजची एक वायर असते. घरातला गिझर, फ्रीज, मिक्सर, पंखे, टीव्ही, सगळ्यांचा करंट त्या एकाच वायरीतून जातो. तिच्याभोवती चिमट्यासारखा एक छोटा क्लॅम्प अडकवला, तर आत्ता घरात काय सुरू झालं हे तो एकटा क्लॅम्प सांगू शकेल का? गेली काही वर्षं माझा फावला वेळ या प्रश्नात गेला आहे, आणि त्यातली मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी ती विकसित केली आणि १९९२ साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. घरात कुठेही वेगळं यंत्र न बसवता, बाहेर मीटरपाशीच मोजून आतली उपकरणं ओळखायची. मात्र हार्ट व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजत होते. आपल्याकडे फक्त क्लॅम्प आहे, म्हणजे फक्त करंट. व्होल्टेज नसल्यामुळे काय अडतं, ते पुढे येईलच.

आधी क्लॅम्पविषयी थोडं. तो उघडमिट होणाऱ्या लोखंडी गाभ्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो फक्त फेजवर किंवा फक्त न्यूट्रलवर लावायचा. दोन्ही वायरी मिळून आत घेतल्या तर जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि वाचन शून्याजवळ येतं. मी वापरते तो ३० अँपिअरला १ व्होल्ट देतो. दुसऱ्या प्रकारचे क्लॅम्प व्होल्टेज न देता करंट देतात. त्यांच्या टोकांना रेझिस्टर न जोडता ते चालू वायरीवर अडकवले, तर त्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं. बोर्ड उघडायचं काम वायरमनकडूनच आणि मेन बंद करूनच करून घ्यायचं.

क्लॅम्पचा सिग्नल मायक्रोकंट्रोलर सेकंदाला ५,००० वेळा वाचतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे करंटच्या एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात आणि एका लाटेचे आपल्याला १०० नमुने मिळतात. शंभर बिंदू जोडले की लाटेचा आकार समोर येतो, आणि ओळख पटते ती या आकारावरून.

गिझर आणि इस्त्री म्हणजे नुसती तापणारी तार. त्यांचा करंट व्होल्टेजच्या मागोमाग तसाच गुळगुळीत वरखाली होतो. लाटेच्या शिखराला तिच्या आरएमएस किमतीने, म्हणजे वरखाली होणाऱ्या लाटेच्या एका प्रकारच्या सरासरीने, भागलं तर शुद्ध साईन लाटेसाठी १.४१ येतं. प्रत्यक्षात गिझरसाठी १.३८ वगैरे येऊ शकतं. तो क्लॅम्पचा दोष नसतो. आसपासच्या घरांतले टीव्ही, चार्जर, कॉम्प्युटर सगळे लाटेच्या शिखरावरच वीज ओढतात, म्हणून मेन्सच्या व्होल्टेजचंच डोकं थोडं चपटं झालेलं असतं.

टीव्हीचा सप्लाय नेमका याच्या उलट वागतो. त्याच्या आतला कपॅसिटर भरायला तो फक्त शिखरापाशी क्षणभर करंट घेतो, बाकी वेळ जवळजवळ शून्य. त्यामुळे लाट म्हणजे उंच, बारीक सुळके, आणि तेच गुणोत्तर २ च्या बरंच वर जातं. फ्रीजचा आकार साधा असतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना थोडा वेळ नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो. मायक्रोवेव्हमध्ये लाटेचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भाग सारखे नसतात, म्हणून दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या दुप्पट, चौपट वेगाच्या लाटा, त्यात मिसळलेल्या दिसतात.

तेव्हा प्रत्येक उपकरणाची पाच लक्षणं काढायची: स्थिरावलेला करंट, शिखराचं गुणोत्तर, तिसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण, सम हार्मोनिकचं प्रमाण आणि सुरुवातीचा करंट स्थिर करंटच्या किती पट होता तो आकडा. ही लक्षणं एका छोट्या निर्णयवृक्षाला द्यायची, म्हणजे एकेक प्रश्न विचारत फांदीफांदीने उत्तरापर्यंत नेणाऱ्या प्रोग्रॅमला. चार पायऱ्यांचं झाडही एका घराला पुरतं. पहिला प्रश्न शिखराच्या गुणोत्तराचा असावा, कारण टीव्हीचा कपॅसिटर पहिल्यांदा भरतानाही मोठा झटका येतो. झटक्याचा प्रश्न आधी विचारला, तर टीव्ही आणि फ्रीज एकाच फांदीवर जाऊन बसतात.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. टेबलावर एकेक उपकरण लावून पाहिलं तर झाड जवळजवळ चुकत नाही. पण घरात एका वेळी एकच वस्तू चालू नसते. तिथेच माझी पहिली रचना कोसळली, आणि ती कशी कोसळली हे नीट सांगण्यासारखं आहे.

सकाळची वेळ. दोन हजार वॅटचा गिझर चालू आहे, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर. तेवढ्यात फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतो. तो एकटा असताना १ अँपिअर घेतो हे मी मोजून ठेवलेलं. मग आता वाचन ९.७ यायला हवं ना? येतं ९.३७. वाढ फक्त ०.६७ अँपिअरची. माझं झाड म्हणालं, हा फ्रीज नव्हे.

कारण असं. गिझरचा करंट व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकून चालतो, फ्रीजच्या मोटरचा मागे रेंगाळतो. समजा तो ५० अंश मागे आहे. दोन लाटांची शिखरं एकाच क्षणी येत नाहीत, त्यामुळे त्यांचे आरएमएस आकडे सरळ बेरीज होऊन मिळत नाहीत. दोन माणसं एकच गाडी वेगवेगळ्या कोनांतून ओढत असली तर त्यांचं बळ पूर्ण मिळत नाही, तसंच हे. व्होल्टेज मोजत असतो तर हा कोन कळला असता. आपल्याला तो कळत नाही.

पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. आरएमएस आकड्यांची बेरीज होत नसली, तरी प्रत्येक क्षणाच्या करंटची होते. म्हणून वजाबाकी आकड्यांची करायची नाही, लाटांची करायची. फ्रीज सुरू होण्याआधीची लाट साठवून ठेवायची, नंतरच्या लाटेतून ती बिंदू-बिंदू वजा करायची. उरते ती एकट्या फ्रीजची लाट, तिच्या मूळ आकारात.

मी तसं केलं, आणि नवीनच भूत उभं राहिलं. काहीही सुरू झालेलं नसताना वजाबाकीत अर्धा अँपिअर उरू लागला. दोन दिवस मी क्लॅम्प बदलला, सोल्डर तपासलं, वायरी हलवून पाहिल्या. दोष तिथे नव्हता. आपली वीज नेमकी ५० हर्ट्झ कधीच राहत नाही, ती थोडी खालीवर होत असते. समजा त्या क्षणी ती ४९.९५ आहे. मग एका लाटेत १०० ऐवजी १००.१ नमुने बसतात. दहा लाटा मागचा तुकडा १,००० नमुन्यांपूर्वी आहे असं मी धरत होते, तो खरं तर १,००१ नमुन्यांपूर्वी होता. चूक एकाच नमुन्याची, म्हणजे ०.२ मिलिसेकंदाची, म्हणजे ३.६ अंशांची. पण खाली ८.७ अँपिअरचा गिझर आहे. एवढी मोठी लाट ३.६ अंश सरकवून तिच्यातूनच वजा केली की ०.५५ अँपिअर उरतो. पंखा जेमतेम ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे हे भूत पंख्यापेक्षा मोठं.

हे भूत ओळखायची खूण अशी: उरलेली लाट खालच्या मोठ्या लाटेसारखीच दिसते, फक्त पाव लाट सरकलेली. आणि साधी चाचणीही आहे. घरात काहीच बदललेलं नाही असा एखादा मिनिट निवडायचा आणि त्यातले दोन तुकडे एकमेकांतून वजा करायचे. उत्तर शून्याजवळ येत नसेल, तर पुढचं काही बघूच नये.

उपाय म्हणजे लाटेचा खरा कालावधी दर वेळी मोजणं. घटनेच्या आधीच्या एका सेकंदात लाट शून्य रेषा वर जाताना कुठे कुठे ओलांडते ते शोधायचं. दोन नमुन्यांच्या मध्ये ओलांडत असेल तर सरळ रेषेने अंदाज घ्यायचा आणि पन्नासएक लाटांवरून एका लाटेचा कालावधी काढायचा. मग जुना तुकडा तेवढाच सरकवून वजा करायचा, अगदी नमुन्याच्या अपूर्णांकापर्यंत. खाली फक्त टीव्ही चालू असेल तर शून्य रेषेवर लाट बराच वेळ पडून राहते, तेव्हा शिखरांवरून मोजलेलं बरं. एवढं केल्यावर गिझरखालचा फ्रीज पुन्हा १ अँपिअरचा झाला, सुरुवातीचा झटकाही स्पष्ट दिसला, आणि झाडाने त्याला बरोबर फांदीवर बसवलं.

झाड शिकवताना मी केलेली आणखी एक चूक सांगते, कारण ती फार फसवी आहे. मी प्रत्येक उपकरण एकदाच सुरू करून त्याचे शेकडो तुकडे घेतले आणि त्यातलेच काही चाचणीसाठी बाजूला ठेवले. निकाल झकास आला. तो खोटा होता, कारण चाचणीतले तुकडे शिकवणीतल्या तुकड्यांचे सख्खे भाऊ होते. आता मी प्रत्येक उपकरण निरनिराळ्या दिवशी वीसेक वेळा चालूबंद करते आणि चाचणीला अख्खा वेगळा दिवस ठेवते. यात व्होल्टेजचा फरकही आपोआप येतो. संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं की तोच गिझर ७.६ अँपिअर घेतो, आणि ८.७ शिकलेलं झाड गोंधळतं. मिक्सरचंही तसंच. ओलं खोबरं वाटताना आणि रिकामा फिरताना त्याचा करंट वेगळा असतो, म्हणून त्याला दोन्ही स्थितींत शिकवावं लागतं.

काही गोष्टी मात्र या क्लॅम्पच्या आवाक्यातच नाहीत. नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण ५० मिलिअँपिअर घेतो. माझ्या क्लॅम्पकडून त्याचे जेमतेम १.७ मिलिव्होल्ट येतात आणि मायक्रोकंट्रोलरची एक पायरीच ०.८ मिलिव्होल्टची आहे. तो दिवा गोंगाटात बुडतो. दुसरं, हजार वॅटची इस्त्री आणि हजार वॅटचं पाणी तापवायचं रॉड, दोन्ही तापणाऱ्या तारा, दोघांची लाट हुबेहूब एक. तिथे आकार काहीच मदत करत नाही. थोडं थांबून बघितलं तर इस्त्री थर्मोस्टॅटमुळे मधूनमधून बंद होते, पुन्हा लागते, आणि साधं रॉड बादलीतून काढेपर्यंत सलग चालतं. म्हणून या दोघांसाठी मी झाडाचं उत्तर पाच मिनिटं रोखून धरते. तोवर पडद्यावर एवढंच येतं: "तापणारी वस्तू, ४.३ अँपिअर".

नमस्कार.