ढगातून आलेला चौथा पेला

श्रोतेहो, नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला टॅरोची पानं वाचते. गेल्या महिन्यात चौतिशीतले एक गृहस्थ आले. हिशेबाचं काम करतात. वर्षभरात तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, पण एकाही ठिकाणी मन लागेना. "सगळं तेच ते, ताई," म्हणाले. मनात मात्र ऐरोलीची एक नोकरी रुतून बसली होती. तिला ह्यांनीच वर्षापूर्वी नकार दिला होता. तिथे परत विचारू का, हा त्यांचा प्रश्न. पान निघालं फोर ऑफ कप्स.

1909 साली लंडनमध्ये प्रकाशित झालेल्या टॅरोच्या गड्डीत पामेला कोलमन स्मिथ यांनी हे पान काढलंय. झाडाखाली एक तरुण मांडी घालून, हाताची घडी घालून बसलाय. समोर गवतावर तीन पेले. बाजूला ढगातून एक हात आलाय आणि त्यात चौथा पेला आहे. तरुणाची नजर खालीच.

हे पान 'हो' किंवा 'नाही' सांगत नाही, आणि घाईत वाचलं की चूक इथेच होते. 'पेला समोर आहे, घ्या' असं सांगून मोकळे होतात. मी आधी विचारते, तुमची ती जुनी संधी कुठल्या पेल्यात आहे? ती गवतावरच्या तिघांपैकी असेल, तर तिची चव घेऊन झालीय. आजच्या कंटाळ्यामुळे ती गोड वाटतेय, एवढंच. ढगातल्या हातात असेल, तर त्या वेळी मान वर करून तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

हे कळायला मी आणखी दोन पानं काढायला लावते. नकार का दिला, यासाठी टू ऑफ पेंटॅकल्स आलं. दोन नाणी हातात खेळवणारा माणूस, मागे उसळत्या लाटांवर गलबतं. मी ते दाखवलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा बाबांचं ऑपरेशन होतं. कागद नीट वाचलेसुद्धा नाहीत." आता त्या कामात काय आहे, यासाठी एट ऑफ पेंटॅकल्स आलं, बाकावर बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर. म्हणजे शिकायला मिळणारं काम. इथे सिक्स ऑफ कप्स आलं असतं, तर मी त्यांना थांबवलं असतं. त्या पानात जुन्या दिवसांची ओढ जास्त असते.

जागा अजून रिकामी आहे का, हे पानाला कळत नाही. त्यासाठी फोनच करावा लागतो. आणि कंटाळा नुसता नोकरीचा नसेल, जेवण, माणसं, झोप, सगळंच कित्येक आठवडे बेचव झालं असेल, तर मी पानं बाजूला ठेवते आणि डॉक्टरांकडे जायला सांगते.

यांची झोप शांत होती, जेवण व्यवस्थित. उठताना त्यांनी विचारलं, "फोनवर आधी पगाराचं बोलू?" मी म्हटलं, "आधी विचारा, काम तेच आहे का, आणि शिकवणारं कोण आहे."